पत्ता चुकलेले प्रथिन आणि लहान मुलांचा मुतखडा

मुतखडा मोठ्या माणसांनाच होतो, असे आपण धरून चालतो. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला मुतखडा झाला, काढला आणि पुन्हा झाला, तर त्याचे मूळ कधी कधी मूत्रपिंडात नसून यकृतात असते. यकृताच्या पेशीत एक प्रथिन चुकीच्या ठिकाणी गेलेले असते. हे कसे घडते ते आज समजून घेऊ.

शाळेत आपण तंतुकणिका शिकलो आहोत. ती पेशीचे ऊर्जाकेंद्र. तिच्यात हजारावर प्रकारची प्रथिने लागतात, पण ती स्वतः त्यांपैकी फक्त १३ बनवते. बाकीची पेशीद्रवात तयार होतात आणि तंतुकणिकेचे दोन पडदे ओलांडून आत जातात.

आत जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी असते. ही चिठ्ठी म्हणजे साधारण १५ ते ५० अमिनो आम्लांचा तुकडा. तो स्प्रिंगसारखा वळतो. त्याची एक बाजू तेलकट असते आणि दुसऱ्या बाजूवर धन विद्युतभार असतो. बाहेरच्या पडद्यावरचे टॉम नावाचे दार ही चिठ्ठी ओळखते व प्रथिनाला आत घेते. पुढे आतल्या पडद्यात टिम नावाचे दुसरे दार असते. या पडद्याची आतली बाजू ऋण असते. दोन्ही बाजूंतला विद्युतदाब सुमारे दीड दशांश व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या दहाव्या भागाएवढा. धन चिठ्ठी त्या ओढीने आत खेचली जाते. मागचे लांब प्रथिन आतली एक मोटर एटीपी खर्च करून ओढून घेते. शेवटी बहुतेक वेळा चिठ्ठी कापून टाकली जाते.

इथे एक अट लक्षात ठेवा. ही दारे फार अरुंद आहेत. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो, दोऱ्याची गुंडी जात नाही. तसेच प्रथिन उलगडलेले असेल तरच आत जाते. घडी पक्की बसली की तंतुकणिकेचा रस्ता बंद होतो.

आता आपल्या मुतखड्याकडे वळू. यकृतात एजीटी नावाचे ३९२ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. त्याचे काम पेरॉक्सिझोम या पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात असते. तिथे ते ग्लायऑक्झिलेट नावाच्या पदार्थाचे रूपांतर निरुपद्रवी ग्लायसिनमध्ये करते. पेरॉक्सिझोमचा पत्ता या प्रथिनाच्या शेपटीला असतो, आणि पेरॉक्सिझोम घडी बसलेले, जोडीने बांधलेले प्रथिनही आत घेते.

काही लोकांत या प्रथिनातले ११वे अमिनो आम्ल प्रोलिनऐवजी ल्युसिन असते. प्रोलिन स्प्रिंग मोडते, ल्युसिन ती बनू देते. त्यामुळे प्रथिनाच्या सुरुवातीला तंतुकणिकेची एक कच्ची चिठ्ठी तयार होते. एवढ्याने आजार होत नाही, कारण प्रथिनाची घडी लवकर बसते आणि ते अरुंद दारातून जाऊ शकत नाही. पण त्याच प्रथिनात १७०व्या जागीही बदल असला, तर घडी व जोडी उशिरा बसते. तेवढ्या वेळात टॉम-टिम त्याला ओढून नेतात. मग जवळजवळ ९० टक्के एजीटी तंतुकणिकेत जाऊन बसते. प्रथिन धडधाकट असते, पण काम एकीकडे आणि कामगार दुसरीकडे. पेरॉक्सिझोममधल्या ग्लायऑक्झिलेटचे ऑक्झॅलेट होते, ते लघवीत कॅल्शियमशी मिळून खडे बनवते व हळूहळू मूत्रपिंड निकामी करते. हा दोष लंडनमधील डॅनप्युर यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवून दिला.

म्हणून अशा मुलाचा पालक-टोमॅटो बंद करून आजार थांबत नाही. ऑक्झॅलेट ताटातून आलेले नसून यकृतात बनलेले असते.

ओळखायचे कसे? मुलाला मुतखडा झाला की काढलेला खडा तपासायला द्यावा आणि २४ तासांच्या लघवीतील ऑक्झॅलेट मोजून घ्यावे. मूत्रपिंड आधीच निकामी झाले असेल, तर लघवीतला आकडा कमी दिसून फसवतो. तेव्हा रक्तातील ऑक्झॅलेट बघावे लागते. खात्री जनुकीय तपासणीने होते. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, म्हणून प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. एका मुलात निदान झाले की बाकीच्यांचीही तपासणी करावी.

१७०व्या जागेचा बदल असलेल्या अनेक रुग्णांना जीवनसत्त्व ब-६ चा उपयोग होतो. ते एजीटीला चिकटून घडी बसायला मदत करते, त्यामुळे जास्त प्रथिन योग्य कप्प्यात पोहोचते. हा बदल युरोपातील रुग्णांत जास्त आढळतो. इतर बदलांत प्रथिनच बिघडलेले असते, तिथे ब-६ सहसा चालत नाही. मोठ्या मात्रेत ब-६ नसांना इजा करते, म्हणून ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. भरपूर पाणी मात्र प्रत्येक रुग्णाला लागते, दिवसाही आणि रात्रीही. मूत्रपिंडच निकामी झाले असेल, तर पाणी किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील.