‘टीव्ही लाव’ म्हटलं तरी टीव्ही लागत नाही तेव्हा

ब्रिटनमध्ये भाड्याचं सुसज्ज घर मिळालं की दिवाणखान्यात बहुधा घरमालकाचा टीव्ही असतो. त्याला आपण फायर टीव्ही स्टिक लावतो, भारतातून आणलेला इको स्पीकर शेजारी ठेवतो आणि हुकूम सोडतो. मग तक्रार येते : अलेक्सा गाणी लावते, हवामान सांगते, पण टीव्ही उघडत नाही, आवाजही कमी-जास्त होत नाही. इथे रुळलेल्या घरांतून हाच प्रश्न इतक्या वेळा निस्तरला गेला आहे की त्यांचं सांगणं एकत्र करून देत आहोत.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा. टीव्ही रिमोटने चालू करा, स्टिकचा पडदा दिसू द्या आणि स्पीकरला यूट्यूब उघडायला सांगा. यूट्यूबही उघडत नसेल, तर स्पीकर आणि स्टिक यांची ओळखच झालेली नाही. ते उघडतं, पण चालू-बंद आणि आवाज तेवढे जमत नाहीत, तर ओळख ठीक आहे. अडचण स्टिक आणि टीव्ही यांच्यामध्ये आहे. ही परीक्षा न करता लोक सगळं रीसेट करत बसतात, त्यात संध्याकाळ जाते.

ओळख नसण्याचं नेहमीचं कारण खातं. स्पीकर भारतातल्या खात्यावर नोंदलेला, स्टिक इथे नव्याने उघडलेल्या किंवा नवऱ्याच्या खात्यावर, कधी तर आधीच्या भाडेकरूच्याच नावावर. दोन्ही एकाच खात्यावर हवीत. मग फोनवरच्या अलेक्सा अ‍ॅपमध्ये `More`, `Settings`, `TV & Video`, `Fire TV` असं जाऊन स्टिक आणि स्पीकर जोडा. घरात दोन स्टिक असतील तर कुठला स्पीकर कुठल्या स्टिकशी जोडला आहे तेही इथेच पाहा. नाहीतर दिवाणखान्यातला हुकूम झोपायच्या खोलीत पाळला जातो.

स्टिक आणि टीव्हीमधली अडचण जास्त फसवी असते. एका घरात रिमोटवरच्या बटणाने आवाज व्यवस्थित वाढत होता, स्पीकरला सांगून मात्र नाही. ‘रिमोट चालतोय म्हणजे जोडणी ठीक आहे’ असं घरच्यांनी धरलं होतं. पण आवाजाचं बटण दाबलं की रिमोट अदृश्य इन्फ्रारेड किरणांनी थेट टीव्हीशी बोलतो, स्टिक त्यात नसतेच. स्पीकरचा हुकूम मात्र इंटरनेटवरून स्टिककडे येतो आणि स्टिकला तो एचडीएमआयमधूनच टीव्हीला द्यावा लागतो. या सोयीचं नाव एचडीएमआय-सीईसी. स्टिकवर ती `Settings`, `Display & Sounds`, `HDMI CEC Device Control` इथे चालू असावी लागते आणि टीव्हीतही वेगळी चालू करावी लागते. गंमत अशी की प्रत्येक कंपनीने तिला आपलं नाव दिलंय : सॅमसंगवर `Anynet+`, एलजीवर `SimpLink`, सोनीवर `Bravia Sync`. त्या घरात स्टिकवरची सोय चालू होती, टीव्हीवरची बंद. ती चालू केल्यावर आवाजही हुकूम ऐकू लागला.

तरीही त्याच घरात एक गोष्ट उरली : सांगितलं की टीव्ही बंद व्हायचा, पण चालू व्हायचा नाही. हे लक्षण दिसलं की वीज कुठून येते ते पाहा. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी खाचेत असेल, तर अनेक टीव्ही बंद होताच त्या खाचेतला पुरवठाही तोडतात आणि मग हुकूम ऐकायला स्टिक जागी नसते. स्टिकला तिच्या सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर लावून भिंतीवरून वीज द्या. आणि आपली जुनी सवय : रात्री टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करणं. ब्रिटनमध्ये सॉकेटला बटण असतं, त्यामुळे ती सवय सहज टिकते. पण वीजच नसलेला टीव्ही कुणाच्याच सांगण्याने उठत नाही. त्याला लाल दिव्याच्या स्टँडबायवर सोडावं लागतं.

आवाजाबद्दल आणखी एक. नुसतं ‘आवाज वाढव’ म्हटलं की पुष्कळदा स्पीकर स्वतःचाच आवाज वाढवतो; म्हणून हुकमात टीव्हीचं नाव घ्या. अ‍ॅपमध्ये ते नाव छोटं, सोपं ठेवा. आवाज साउंडबारमधून येत असेल तर तो ऑप्टिकल वायरने जोडला आहे का ते बघा. त्या वायरीतून फक्त ध्वनी जातो, हुकूम जात नाहीत. एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या खाचेत जोडल्यास स्टिक साउंडबारचा आवाजही कमी-जास्त करू शकते.

टीव्ही फार जुना असून त्यात सीईसी नसेल, तर स्टिकच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी उपयोग नाही. चालू-बंद आणि आवाज यांसाठी रिमोट हातात ठेवा. आणि घर सोडताना स्टिक मागे ठेवणार असाल तर तिच्यावरची आपली नोंदणी आठवणीने काढा, म्हणजे पुढच्या भाडेकरूला तुमच्या खात्याशी झगडावं लागणार नाही.