बिघडलेली पीडीएफ फाईल : काय वाचते आणि काय जाते?

आपल्या घरात आता कागदांच्या गठ्ठ्याइतक्याच पीडीएफ फायली साठू लागल्या आहेत. मार्कलिस्ट, दाखले, शिकवणीच्या नोट्स, संस्थेचे जुने अहवाल, सारे काही पेन-ड्राइव्हवर असते. अशी एखादी फाईल एके दिवशी उघडत नाही आणि पडद्यावर "फाईल खराब झाली आहे, दुरुस्त करता येत नाही" अशा अर्थाचे वाक्य येते. बहुतेक लोक तेवढ्यावरच आशा सोडतात. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ "या प्रोग्रामला ती उघडता आली नाही" एवढाच असतो. आत काय शिल्लक आहे, हे आपल्याला स्वतः पाहता येते. ते कसे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. फाईलची खतावणी

बँकेत काम केलेल्या माणसाला पीडीएफची रचना लवकर समजते. जाड खतावणीत प्रत्येक खात्याचे वेगळे पान असते आणि कोणते खाते कोणत्या पानावर आहे, ते सूचीत लिहिलेले असते. पीडीएफमध्येही असेच असते. फाईलच्या आरंभी `%PDF-1.4` यासारखी ओळ असते. त्यानंतर एकामागून एक वस्तू येतात : पानाचे वर्णन, पानावरील मजकूर, चित्र, फाँट. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. ती `12 0 obj` अशा शब्दांनी सुरू होते आणि `endobj` या शब्दाने संपते. सर्वांत शेवटी सूची येते. तिला `xref` म्हणतात. कोणती वस्तू फाईलच्या आरंभापासून कितव्या बाइटवर आहे, हे तीत नोंदलेले असते. अखेरची ओळ `%%EOF` ही असते.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वाचणारा प्रोग्राम फाईल शेवटाकडून उघडतो. आधी सूची पाहतो, मग तिच्या आधाराने पानाकडे जातो. म्हणून शेवटचे पाव टक्का जरी गेले, तरी फाईल उघडेनाशी होऊ शकते, मग बाकीची सर्व पाने जागच्या जागी धडधाकट का असेनात. उलट सूची हरवली, तरी खतावणीचे एकेक पान उलटून नवी सूची तयार करता येते. दुरुस्ती करणारे प्रोग्राम मुख्यतः हेच काम करतात. मात्र जे बाइट फाईलमध्ये उरलेलेच नाहीत, ते कोणताही प्रोग्राम निर्माण करू शकत नाही.

२. आधी तीन गोष्टी पाहाव्यात

कोणतेही काम करण्यापूर्वी फाईलची एक प्रत काढावी आणि त्या प्रतीवरच प्रयोग करावेत. नोटपॅडमध्ये उघडून पाहण्यास हरकत नाही, पण तेथे कधीही `Save` करू नये. नोटपॅड ओळींच्या शेवटांची व अक्षरांची आपल्या पद्धतीने फेरमांडणी करतो. आतला दाबून भरलेला मजकूर त्यामुळे कायमचा बिघडतो.

पहिली गोष्ट, आरंभ. विंडोज संगणकावर पॉवरशेलमध्ये पुढील दोन ओळी द्याव्यात.

```
Get-Content vahi.pdf -TotalCount 1
Get-Content vahi.pdf -Tail 3
```

पहिल्या ओळीने आरंभ दिसतो. तेथे `%PDF-` असेल तर ठीक. त्याऐवजी `<html` दिसले, तर ती पीडीएफ नव्हेच. संकेतस्थळाने फाईलऐवजी चुकीचा संदेश पाठवला आणि तो पीडीएफच्या नावाने साठवला गेला, असे समजावे. दुरुस्त करण्यासारखे तीत काही नाही, फाईल पुन्हा उतरवून घ्यावी. आरंभी `PK` ही अक्षरे असतील, तर ती बहुधा झिप किंवा वर्डची फाईल आहे. नाव बदलून पाहावे.

दुसरी गोष्ट, शेवट. दुसऱ्या ओळीने `%%EOF` दिसले नाही, तर फाईल मध्येच तुटली असण्याचा संभव फार आहे.

तिसरी गोष्ट, आकार. मूळ फाईल केवढी होती हे ठाऊक असेल, तर ताडून पाहावे. आकार कमी असेल, तर शेवटचा भाग गेला. आकार पूर्ण आहे पण फाईल उघडत नाही, तर प्रकरण अधिक नाजूक असते. पेन-ड्राइव्ह मध्येच उपटला, तर कधी कधी यादीत पूर्ण आकार नोंदला जातो आणि आत नुसती शून्ये असतात. हेक्स एडिटर नावाच्या साधनाने फाईल उघडली की `00 00 00` अशा रांगाच रांगा दिसतात. जेथे शून्ये आहेत, तेथील मजकूर गेला असेच समजावे.

३. एका वहीची गोष्ट

आमच्या शेजारच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या आजोबांची हस्तलिखित वही मोबाईलवर स्कॅन केली होती. चाळीस पाने, एकच पीडीएफ. पुढे पावसाळ्यात छपराच्या गळतीने मूळ वही भिजून लगदा झाली. पेन-ड्राइव्हवरची फाईल उघडेना. "काका, आता काहीच राहिलं नाही का?" असे विचारत तो माझ्याकडे आला.

आरंभी `%PDF-1.4` होते. शेवटी `%%EOF` नव्हते. फाईलचा आकार ११ एमबी होता. त्याने पूर्वी ती फाईल भावाला संदेशातून पाठवली होती. त्या संदेशात १८ एमबी आकार दिसत होता, परंतु तेथून फाईल आता उतरत नव्हती. म्हणजे सात एमबी प्रत करतानाच राहून गेले होते. चाळीस पानांना १८ एमबी, तर एका पानाला सुमारे ४५० केबी. या हिशेबाने ११ एमबीमध्ये चोवीस पाने पूर्ण आणि पंचविसावे अर्धवट असावे, असा अंदाज मी दुरुस्तीपूर्वीच कागदावर मांडला. असा अंदाज आधी करून ठेवावा. त्यामुळे हाती आलेले कमी आहे की पुरेसे, हे कळते.

प्रथम `qpdf` या मोफत प्रोग्रामने तपासणी केली.

```
qpdf --check vahi.pdf
```

त्याने `can't find startxref` म्हणून सूची नसल्याचे सांगितले, नवी सूची बांधण्याचा यत्न केला आणि अखेर `unable to find trailer dictionary` म्हणून हात टेकले. याचा अर्थ असा की, पानांचा क्रम सांगणारी मूळ नोंदही या फाईलमध्ये शेवटी होती आणि तीही गेली. ही नोंद शिल्लक असती, तर `qpdf vahi.pdf navi.pdf` एवढ्या आज्ञेनेच नवी फाईल तयार होण्याचा संभव होता.

परंतु स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान म्हणजे बहुधा एक स्वतंत्र जेपीईजी छायाचित्र असते आणि ते जसेच्या तसे आत ठेवलेले असते. फाईलमध्ये `/DCTDecode` हा शब्द दिसला, की हे ओळखावे. असे छायाचित्र `FF D8` या बाइटांनी सुरू होते व `FF D9` यांनी संपते. म्हणून सूची नसली, तरी छायाचित्रे वेचून काढता येतात. लिनक्सवरील `foremost` हे साधन तेच करते.

```
foremost -t jpg -i vahi.pdf -o chitre
```

चोवीस पाने स्वच्छ निघाली. पंचविसाव्या पानाचा शेवट नसल्याने ते वेगळे काढावे लागले. हेक्स एडिटरमध्ये शेवटच्या `FF D8` पासून फाईलच्या अखेरपर्यंतचे बाइट निवडून `.jpg` नावाने साठवले. साधे जेपीईजी वरून खाली क्रमाने लिहिलेले असते, त्यामुळे पानाचा वरचा भाग वाचता आला आणि खाली राखाडी पट्टा राहिला. उरलेली पंधरा पाने मात्र मिळाली नाहीत आणि त्या फाईलमधून कधी मिळणारही नाहीत. हे त्या मुलाला स्पष्ट सांगितले. मग छायाचित्रांची गुणवत्ता न घटवता `img2pdf` ने नवी पीडीएफ बनवली आणि तिच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या.

४. मजकुराची फाईल असेल तर

टंकलिखित मजकुराची पीडीएफ वेगळ्या रीतीने बिघडते. तीत अक्षरे दाबून भरलेली असतात. फाईलमध्ये `/FlateDecode` असे दिसते. या पद्धतीत पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असतो. म्हणून एखाद्या पानाच्या मजकुरात मध्येच बिघाड झाला, तर बिघाडापर्यंतचा मजकूर मिळतो, त्या पानाचा पुढचा बहुधा जातो. दुसऱ्या पानांना त्याची झळ लागत नाही, कारण प्रत्येक पानाचा मजकूर सामान्यतः वेगळा असतो.

याला एक अपवाद आहे. २००३ साली आलेल्या पीडीएफ १.५ पासून अनेक लहान वस्तू एकाच गठ्ठ्यात दाबून ठेवण्याची सोय झाली. फाईलमध्ये `/ObjStm` दिसले, तर असा गठ्ठा आहे. तो गठ्ठाच गेला, तर पानांची वर्णने एकदम जातात. मजकूर उरतो, पण तो कोणत्या पानाचा हे सांगणारे कोणी राहत नाही.

मराठी वाचकांसाठी आणखी एक अडचण आहे. मराठी पीडीएफमध्ये पुष्कळदा अक्षरे न साठवता फाँटमधील आकारांचे क्रमांक साठवलेले असतात. क्रमांक कोणत्या अक्षराचा, हे सांगणारा तक्ता `/ToUnicode` या नावाने वेगळा असतो. बऱ्याच फायलींत फाँट शेवटाकडे असतात. फाईल तुटली, की मजकूर उरतो पण फाँट व तक्ता जातात आणि हाती निव्वळ आकडे लागतात. त्याच दस्तऐवजातील स्कॅन केलेली सही किंवा फोटो मात्र पुष्कळदा सहीसलामत निघतो.

५. काय उरते, याचा सारांश

सर्वांत टिकाऊ म्हणजे जेपीईजी छायाचित्रे. त्यानंतर बिघाडापूर्वीच्या पानांचा मजकूर. त्याहून नाजूक म्हणजे पानांचा क्रम आणि फाँट. फाईल तुटली, की खुणा, दुवे व अर्जात भरलेली माहिती बहुधा जाते. संकेतशब्दाने बंद केलेल्या फाईलची शेवटची `/Encrypt` नोंद गेली, तर संकेतशब्द पाठ असूनही आतला मजकूर उलगडत नाही.

डिजिटल सहीबाबत विद्यार्थ्यांनी विशेष दक्ष राहावे. दुरुस्तीत फाईलचे बाइट बदलतात आणि ती सही ठराविक बाइटांवर केलेली असते. म्हणून दुरुस्त केलेला दाखला डोळ्यांना हुबेहूब दिसला, तरी त्यावरील सही वैध ठरत नाही. असा दाखला दुरुस्त करीत बसू नये, तो जेथून मिळाला तेथून पुन्हा उतरवून घ्यावा. दुरुस्तीचे कष्ट, ज्या कागदाची दुसरी प्रत जगात नाही, अशा कागदासाठी राखून ठेवावेत.