जागा कमी, मुलं जास्त : लॅग्रांज शिथिलीकरण आणि न मिटणारी तफावत

वाहतुकीच्या गणितात खर्च कमी करणं सोपं असतं, अडचण येते ती क्षमतेच्या अटीमुळे. ही अट काढून टाकून तिच्या जागी 'दंड' लावायचा, या युक्तीला लॅग्रांज शिथिलीकरण म्हणतात. हेल्ड आणि कार्प यांनी 1970-71 मध्ये फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नासाठी ती वापरली आणि 1974 मध्ये जेफ्रिऑन यांनी तिला हे नाव दिलं. आज आपण ती तीन शाळांच्या छोट्या उदाहरणावर हातानेच करून बघू. आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवून घेतले आहेत.

उदाहरण

तीन शाळांची मुलं परीक्षेला न्यायची आहेत. केंद्रं दोन आहेत. 'अ' केंद्र जवळ आहे, पण तिथे फक्त 80 जागा आहेत. 'ब' केंद्र लांब आहे, तिथे जागा भरपूर. अट अशी की एका शाळेची सगळी मुलं एकाच केंद्रावर जातील, शाळा फोडायची नाही.

| शाळा | मुलं | अ पर्यंत भाडं (दर मुलामागे) | ब पर्यंत भाडं (दर मुलामागे) |
|---|---|---|---|
| क | 30 | ₹10 | ₹30 |
| ख | 40 | ₹10 | ₹25 |
| ग | 50 | ₹20 | ₹30 |

साध्या व्यवहारी बुद्धीने काय करू? ज्यांना 'अ' मुळे दर मुलामागे जास्त फायदा, त्यांना आधी तिथे बसवू. क चा फायदा ₹20, ख चा ₹15, ग चा ₹10. क आणि ख मिळून 70 मुलं 'अ' वर बसतात, ग मावत नाही म्हणून 'ब' वर जाते. खर्च 300 + 400 + 1500 = ₹2200. ही झाली वरची सीमा, कारण इतक्यात काम नक्की होतं. पण याहून स्वस्त व्यवस्था असेल का? शाळा तीनच असतील तर सगळे पर्याय तपासता येतात. तीनशे असतील तर नाही. तिथे खालची सीमा लागते, म्हणजे 'यापेक्षा कमी खर्च शक्यच नाही' असं ठामपणे सांगणारा आकडा.

अटीच्या जागी दंड

आता 80 जागांची अट विसरा. त्याऐवजी 'अ' वर जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे λ रुपये दंड घ्या आणि शेवटी 80 × λ परत द्या. मग शाळांचा एकमेकींशी संबंधच उरत नाही. प्रत्येक शाळा आपापलं स्वस्त केंद्र निवडते. एवढंच गणित, आणि यातच या पद्धतीची सोय आहे.

येणारी बेरीज खालची सीमा का ठरते? अट पाळणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत 'अ' वर 80 किंवा त्याहून कमी मुलं असतात. म्हणजे घेतलेला दंड परत दिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसतो, आणि हिशोब खऱ्या खर्चाच्या वर जात नाही. मात्र λ शून्य किंवा धनच हवा. ऋण λ घेतला तर हा युक्तिवाद कोसळतो. मुलांची नेहमीची चूक दुसरी असते: 80λ वजा करायचं विसरतात आणि 'खालची' सीमा वरच्या सीमेच्याही वर गेली की गोंधळतात. तसं दिसलं की आधी तेच तपासा.

λ किती घ्यायचा?

λ = 0 घेऊ. तिन्ही शाळा 'अ' वर धावतात, 120 मुलं. सीमा ₹1700. गर्दी 40 ने जास्त, म्हणून दंड वाढवायला हवा. हा 'जास्तीचा' आकडा g म्हणजेच सबग्रेडियंट. तो धन असेल तर λ वाढवा, ऋण असेल तर कमी करा. पाऊल किती मोठं, त्याचा प्रचलित नियम असा:

```
t = θ × (वरची सीमा − खालची सीमा) / (g × g)
नवा λ = max(0, λ + t × g)
```

θ = 1 घेतल्यास t = 500 / 1600 = 0.3125, नवा λ = 12.5. आता ग ला 'अ' महाग पडतं (32.50 विरुद्ध 30), ती 'ब' वर जाते. 'अ' वर 70 मुलं, सीमा 675 + 900 + 1500 − 1000 = ₹2075. छान सुधारली! पुढचं पाऊल: g = −10, t = 125 / 100 = 1.25, नवा λ = 12.5 − 12.5 = 0. अरेच्चा, परत सुरुवातीलाच! θ तोच ठेवला तर 0 आणि 12.5 यांमध्ये झोके घेतच बसू. असे झोके दिसले की θ निम्मा करायचा.

12.5 वरून θ = ½ ने निघालो तर असं होतं:

| λ | 'अ' वर मुलं | खालची सीमा |
|---|---|---|
| 6.25 | 120 | 1950 |
| 9.375 | 120 | 2075 |
| 10.94 | 70 | सुमारे 2090.6 |

सीमा 2075 वरून 1950 वर उतरली, याने घाबरू नका. सबग्रेडियंट पद्धतीत सीमा दर पावलाला वाढतेच असं नाही. म्हणून आतापर्यंतची सर्वांत चांगली सीमा वेगळी लिहून ठेवायची.

तफावतीचे दोन भाग

आता तफावत 2200 − 2090.6, म्हणजे सुमारे ₹109.4. अजून पावलं टाकत राहिलो तर ती शून्य होईल का? नाही. λ बरोबर 10 असताना सीमा ₹2100 होते आणि तीच कमाल. म्हणजे तफावतीतले ₹9.4 आपल्या अपुऱ्या λ मुळे आहेत, ते मिटतील. उरलेले ₹100 कुठल्याही λ ने मिटणार नाहीत.

का? λ = 10 ला ग शाळेला दोन्ही केंद्रं सारखीच, दर मुलामागे ₹30. ती 'अ' वर गेली तर 120 मुलं, 'ब' वर गेली तर 70. मधला 80 हा आकडा येतच नाही. तो यायला ग ची 10 मुलं 'अ' वर आणि 40 'ब' वर पाठवावी लागतील, आणि तेव्हा खर्च बरोबर ₹2100 होतो. आपली खालची सीमा शाळा फोडायला परवानगी असलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. आपल्याला ती परवानगी नाही. ₹100 ही त्या अटीची किंमत.

इथेच निर्णय चुकू शकतो. तफावत उरली म्हणून ₹2200 चं उत्तर वाईट, असं नाही. या उदाहरणात तेच सर्वोत्तम आहे: ख आणि ग मिळून 90 होतात, मावत नाहीत, आणि क व ग नेल्यास ₹2300 लागतात. तसंच, λ = 10 म्हणजे 'एक बाक वाढवला की ₹10 वाचतील' असंही समजू नका. 81 वी जागा केली तरी कोणतीही नवी शाळा मावत नाही, काहीच वाचत नाही. 120 जागा होईपर्यंत हा खर्च ₹2200 च राहतो.

स्वाध्याय

'अ' ची क्षमता 80 ऐवजी 70 घ्या आणि λ = 12.5 ला सीमा काढा. उत्तर 675 + 900 + 1500 − 875 = ₹2200 येईल, म्हणजे तफावत शून्य! जागा कमी केल्या, खर्च तोच राहिला, आणि तफावत मात्र नाहीशी झाली. असं का झालं, ते मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. इशारा एवढाच: g किती आला ते बघा.