चित्रफितीची योग्य लांबी

यूट्यूबवर नियमाने चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्या माणसाला एक प्रश्न वारंवार पडतो: आपली चित्रफीत किती मिनिटांची असावी? या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. परंतु ज्याने चाळीस-पन्नास चित्रफिती आधीच प्रसिद्ध केल्या आहेत, त्याच्यापुरते उत्तर त्याच्याच जुन्या नोंदींमध्ये बऱ्याच अंशी दडलेले असते. ते शोधून काढण्याची रीत दिसावयास सोपी आहे. जुन्या चित्रफितींचे लांबीनुसार गट पाडावयाचे आणि कोणत्या गटात प्रेक्षक अधिक टिकतो हे पाहावयाचे. मात्र ‘अधिक टिकतो’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, येथेच बहुतेकांची फसगत होते. म्हणून आरंभी त्याचाच विचार करू.

यूट्यूब आपल्या निर्मात्यांना प्रत्येक चित्रफितीसाठी दोन आकडे देते. पहिला Average view duration, म्हणजे एका प्रेक्षकाने सरासरी किती वेळ पाहिले तो काळ. दुसरा Average percentage viewed, म्हणजे तोच काळ चित्रफितीच्या एकूण लांबीशी ताडून काढलेली टक्केवारी. यांखेरीज एक आलेखही मिळतो. त्याच्या आडव्या अक्षावर चित्रफितीतील वेळ असते आणि उभ्या अक्षावर त्या क्षणी शेकडा किती प्रेक्षक उरले आहेत ते असते. हा आलेख आणि वरचे दोन आकडे यांचे नाते समजून घेतले की पुढचा मार्ग सुकर होतो. आलेखाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजेच सरासरी पाहिलेला काळ होय. पहिल्या मिनिटात दहापैकी चार प्रेक्षक निघून गेले तर ते क्षेत्रफळ कायमचे गमावले जाते. पुढे चित्रफीत कितीही उत्तम असली तरी गेलेले लोक ती पाहावयास उरलेले नसतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, उच्च माध्यमिक वर्गांना पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकाने तीन वर्षांत बऱ्याच चित्रफिती प्रसिद्ध केल्या आहेत. गट पाडण्यापूर्वी त्याने दोन प्रकारच्या चित्रफिती बाजूला काढल्या, आणि ते योग्यच केले. एक म्हणजे थेट प्रक्षेपणे, कारण तेथे लोक अधूनमधून येतात व जातात. दुसरा प्रकार ‘शॉर्ट्स’ म्हणजे उभ्या आकाराच्या छोट्या चित्रफिती. बोटाने सरकवताना त्या आपोआप समोर येतात, त्यामुळे त्यांचा प्रेक्षक आणि मुद्दाम निवडून पाहणारा प्रेक्षक यांची तुलना होऊ शकत नाही. शॉर्ट्सची कमाल मर्यादा पूर्वी एक मिनिटाची होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर नेण्यात आली. म्हणून केवळ ‘एका मिनिटाच्या आतील’ असा नियम लावून त्या वेगळ्या काढता येत नाहीत; त्या पाहूनच निवडाव्या लागतात.

उरलेल्या ४८ चित्रफितींचे त्याने चार गट केले. पाच मिनिटांपर्यंतच्या ९, पाच ते दहा मिनिटांच्या १६, दहा ते पंधराच्या १४ आणि पंधराहून मोठ्या ९. प्रत्येक चित्रफितीच्या प्रसिद्धीनंतरचे पहिले २८ दिवसच त्याने मोजले. हे काम कंटाळवाणे आहे, कारण प्रत्येक चित्रफितीसाठी मुदत वेगळी निवडावी लागते. परंतु तसे न केल्यास तीन वर्षे जुनी चित्रफीत आणि गेल्या महिन्यातील चित्रफीत एकाच तराजूत पडतात. शिवाय गटाचा आकडा म्हणून त्याने सरासरी न घेता मध्यक घेतला. सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येतो तो मध्यक होय. एखादी चित्रफीत अचानक लाखो लोकांपर्यंत पोहोचली तरी मध्यक फारसा हलत नाही. अशा गाजलेल्या चित्रफितींची टक्केवारी पुष्कळदा कमीच असते, ही गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. कारण साधे आहे. त्या अनोळखी लोकांपर्यंत जातात, आणि अनोळखी माणूस लवकर उठतो.

त्याला मिळालेले आकडे असे होते. पहिल्या गटातील चित्रफीत साधारण चार मिनिटांची आणि पाहिलेला भाग ५८ टक्के. दुसऱ्या गटात लांबी आठ मिनिटे आणि भाग ४८ टक्के. तिसऱ्यात बारा मिनिटे आणि ४३ टक्के. चौथ्यात वीस मिनिटे आणि २३ टक्के. हे पाहून शिक्षकाचे पहिले मत झाले की चार मिनिटांच्याच चित्रफिती कराव्यात. हे मत चुकीचे आहे. लांबी वाढली की टक्केवारी घटते, हा जवळजवळ गणिताचाच परिणाम आहे. भाजक मोठा होतो, आणि प्रेक्षकाजवळचा वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. टक्केवारीवरच निवाडा करावयाचा तर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत नेहमीच जिंकेल.

टक्केवारीऐवजी काळ पाहिला की चित्र बदलते. चार मिनिटांचे ५८ टक्के म्हणजे २ मिनिटे १९ सेकंद. पुढील गटांत हाच काळ अनुक्रमे ३ मिनिटे ५० सेकंद, ५ मिनिटे १० सेकंद आणि ४ मिनिटे ३६ सेकंद येतो. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशी ठरवताना केवळ किती वेळा चित्रफीत उघडली गेली हे न पाहता ती किती वेळ पाहिली गेली याला महत्त्व देण्यास आरंभ केला, त्यामुळे निर्मात्यालाही या काळाची चाड असते. या मापाने बारा मिनिटांचा गट वरचढ ठरतो. परंतु यालाही दुसऱ्या बाजूची सूट आहे. लांब चित्रफितीला काळ मिळवण्यास मुळातच अधिक वाव असतो. टक्केवारी छोट्यांकडे झुकते, काळ मोठ्यांकडे झुकतो. क्वाइशौ या चिनी मंचाशी संबंधित संशोधकांनी २०२२ मध्ये हाच दोष काढण्यासाठी चित्रफितींचे लांबीनुसार समान संख्येचे गट केले आणि प्रत्येक चित्रफितीचा पाहिला जाणारा काळ तिच्या स्वतःच्या गटात कितव्या स्थानी येतो हे अजमावले. तात्पर्य, दोन वेगळ्या लांबींची तुलना करताना एकच आकडा पुरत नाही.

मग काय करावे? उत्तर आलेखात आहे. सर्व गटांत एकाच मिनिटाला किती प्रेक्षक उरले होते ते पाहावे. आपल्या शिक्षकाने चौथे मिनिट निवडले. आठ मिनिटांच्या गटात तेथे ५० टक्के प्रेक्षक होते, बारा मिनिटांच्या गटात ५२ टक्के. फरक नगण्य आहे. म्हणजे चित्रफीत चार मिनिटांनी अधिक लांब केल्यामुळे आरंभीच्या भागाचे काहीच बिघडले नव्हते, आणि वाढवलेल्या भागाने पाहिलेला काळ ८० सेकंदांनी वाढवला होता. वीस मिनिटांच्या गटात मात्र चौथ्या मिनिटालाच ३७ टक्के उरले होते. त्याने आणखी मागे जाऊन तिसावा सेकंद पाहिला. बारा मिनिटांच्या गटात ६८ टक्के, वीस मिनिटांच्या गटात ५२.

येथे क्षणभर थांबावे. वीस मिनिटे फार झाली म्हणून प्रेक्षक कंटाळला असता तर तो दहाव्या किंवा चौदाव्या मिनिटाला उठला असता. तिसाव्या सेकंदाला उठलेल्या प्रेक्षकाला लांबीचा अनुभवच आलेला नाही. फार तर लांबीचा आकडा पाहून तो बिचकला असेल. पण तो आकडा चित्रफीत उघडण्यापूर्वीच चित्रावर दिसत असतो, आणि बिचकणारा बहुधा ती उघडतच नाही. दोष आरंभात असावा अशी शंका घेण्यास येथे पुरेसे कारण आहे.

शिक्षकाने त्या नऊ चित्रफिती पुन्हा पाहिल्या. सहा चित्रफिती वर्गातील तासांचे सरळ चित्रण होते. त्यांत पहिले मिनिट-दीड मिनिट फळा पुसण्यात, बाके सरकण्यात आणि मागच्या तासाची आठवण करून देण्यात जात होते. उरलेल्या तीन त्याने घरी बसून मुद्दाम केल्या होत्या, आणि त्या पहिल्याच वाक्यात प्रश्नाला हात घालत होत्या. दोन्ही वेगळ्या केल्यावर वर्गातील सहांचा मध्यक २१ टक्के आला आणि घरी केलेल्या तिघींचा ३४ टक्के. वीस मिनिटांचे ३४ टक्के म्हणजे ६ मिनिटे ४८ सेकंद, अर्थात सर्व गटांत सर्वाधिक! लांबीच्या नावावर घातलेला दोष वस्तुतः चित्रणाच्या पद्धतीचा होता. असे होण्याचे कारण हे की लांबी कोणी चिठ्ठी टाकून ठरवत नाही. विषय, पद्धत आणि घाई यांतून ती ठरते, आणि गट पाडताना हे सारे तिच्याबरोबर गटात येऊन बसते. म्हणून प्रत्येक गट हातात आल्यावर त्यातील चित्रफिती खरोखर एका जातीच्या आहेत काय, हे नावे वाचून पाहणे अपरिहार्य आहे. प्रेक्षक कोठून आला हेही तपासावे; शोध घेऊन आलेला विद्यार्थी आणि शिफारशीतून सहज आलेला माणूस यांचे टिकणे वेगवेगळे असते.

तरीही तीन चित्रफितींवर निर्णय देणे धोक्याचे आहे. आकडा किती पक्का आहे हे जाणण्याच्या दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली, गटातील सर्वोत्तम चित्रफीत वगळून मध्यक पुन्हा काढावा. क्रम बदलला तर तो क्रम एकट्या चित्रफितीचा होता. दुसरी, गटांच्या सीमा थोड्या सरकवाव्यात. पाच, दहा, पंधरा यांऐवजी सहा, अकरा, सोळा घेतल्यावर निष्कर्ष उलटला, तर तो सीमांनी निर्माण केलेला आहे. जाहिरातींचे उत्पन्न घेणाऱ्याने एक सीमा आठ मिनिटांवर ठेवणे बरे. चित्रफितीच्या मध्ये जाहिराती घालण्याची किमान लांबी जुलै २०२० मध्ये दहा मिनिटांवरून आठवर आली, आणि तेव्हापासून आठ मिनिटे पाच सेकंदांच्या चित्रफितींत बराचसा भाग ओढूनताणून भरलेला आढळतो. अशा चित्रफिती साडेसहा मिनिटांच्या प्रामाणिक चित्रफितींबरोबर एका गटात पडू देऊ नयेत.

आपल्या शिक्षकापाशी बारा मिनिटांचा गट दोन्ही कसोट्यांना उतरला. वीस मिनिटांचा उतरला नाही, आणि तिघींवरून तो उतरण्याची अपेक्षाही नव्हती. त्याने पुढील आठ चित्रफितींची आखणी केली. नेहमीच्या अध्यायांतील विषय घेऊन आळीपाळीने एक बारा मिनिटांची व एक वीस मिनिटांची, सर्व घरी केलेल्या, सर्वांचा आरंभ प्रश्नाने. प्रत्येकीचे २८ दिवस पूर्ण झाल्यावर तो प्रथम तिसाव्या सेकंदाचा आकडा पाहणार आहे. दोन्ही लांबींत तो सारखा निघाला, तरच पुढची तुलना लांबीची म्हणता येईल.