शंभर टन रसाचा हिशेब

शुगर टेक्नॉलॉजीच्या पेपरात क्लॅरिफिकेशन, इव्हॅपोरेशन आणि क्रिस्टलायझेशन यांवर तीन वेगळे प्रश्न येतात, म्हणून आपण ते तीन वेगळे धडे समजून पाठ करतो. पण कारखान्यात रस एकच असतो. तोच रस धरून पुढे गेलं तर बहुतेक "कारणे द्या" आपोआप सुटतात, म्हणून हा लेख.

पहिला टप्पा निवळण्याचा. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे "निवळणे" हा शब्द मला हॉस्टेलवरच कळला, पण क्लॅरिफिकेशनला याहून चांगला शब्द नाही. गाळपातून आलेला रस आंबट असतो, पीएच साधारण सव्वापाच ते साडेपाच. डबल सल्फिटेशनमध्ये तो 70 ते 75 अंशांपर्यंत तापवतात, मग त्यात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडून पीएच सातच्या आसपास आणतात. कॅल्शियम सल्फाइट आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो आणि तो बारीक कचरा आपल्याबरोबर खाली ओढतो. मग रस पुन्हा 102 अंशांच्या आसपास तापवून क्लॅरिफायरमध्ये सोडतात.

पीएच सातच का? तो खाली राहिला तर गरम आम्लात साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे इन्व्हर्जन. ती साखर पोत्यात येत नाही. चुना जास्त पडला तर हीच ग्लुकोज-फ्रुक्टोज फुटून रस काळपट होतो, शिवाय रसात कॅल्शियम विरघळून राहतं. हे कॅल्शियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हिशेब. समजा, 15 ब्रिक्सचा 100 टन निवळ रस इव्हॅपोरेटरमध्ये आला. त्यात विरघळलेला घन भाग 15 टन. तो उडत नाही, पाणी तेवढं उडतं. 60 ब्रिक्सचं सिरप हवं असेल तर सिरप 15 भागिले 0.60, म्हणजे 25 टन. पाणी उडालं 75 टन. पहिल्या बॉडीची वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. नॉर्बर्ट रिल्यू यांनी 1843 मध्ये पेटंट घेतलेली हीच ती युक्ती. त्यामुळे चार बॉडींच्या संचात एक टन स्टीम ढोबळमानाने चार टन पाणी उडवते. 75 टनांना लागली 18.75 टन.

व्हॅक्यूम पॅनमध्ये मात्र ही सोय नाही. तिथे एक टन पाण्याला साधारण एक टन वाफ लागते. 25 टन सिरपचं 90 ब्रिक्सचं मॅसेक्विट केलं तर ते 16.67 टन भरतं. पाणी उडालं 8.33 टन, वाफही तेवढीच.

आता खरा प्रश्न. सिरप 60 ऐवजी 50 ब्रिक्सचं आलं तर? सिरप होतं 30 टन, म्हणजे 5 टन जादा पाणी पॅनवर गेलं. इव्हॅपोरेटरमध्ये त्याला 1.25 टन वाफ पुरली असती, पॅनमध्ये 5 टन लागते. दर 100 टन रसामागे पावणेचार टन वाफ फुकट, आणि पॅन जास्त वेळ अडकून राहतो तो वेगळाच.

सिरप पातळ येतं का? बऱ्याचदा ट्यूबवर स्केल बसलेला असतो. रसात राहिलेलं ते कॅल्शियम, रस घट्ट होतो तिथे, म्हणजे शेवटच्या बॉडीत सर्वात जास्त बसतं. ओळखायची खूण सोपी: वाफेचा दाब आणि व्हॅक्यूम नेहमीचाच, पण सिरपचा ब्रिक्स दिवसेंदिवस उतरत जातो. म्हणजे दुखणं निवळणीचं आणि बिल येतं पॅनवर.

मग सिरप 75 ब्रिक्सचं का करत नाहीत? 60 अंशांना शुद्ध साखरेचं द्रावण साधारण 74 ब्रिक्सला संपृक्त होतं. त्यापुढे दाणा पडायला लागतो, आणि तो नळ्यांमध्ये पडला तर काम बंद. दाणा पॅनमध्येच हवा, तोही आपण सीड टाकल्यावर. संपृक्ततेच्या थोडं वर, 1.0 ते 1.2 या मेटास्टेबल पट्ट्यात, टाकलेला दाणा वाढतो पण नवा जन्मत नाही. पॅनमन घाईने 1.3 च्या पुढे गेला तर फॉल्स ग्रेन पडतो. तो बारीक दाणा सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातो किंवा जाळी बुजवतो. अशा वेळी थोडं पाणी किंवा पातळ सिरप देऊन तो विरघळवतात. सिरप असंपृक्त ठेवण्याचा हाही एक फायदा.

पेपरात आकडे बदलतील. आधी घन भाग काढा, तो तिन्ही ठिकाणी तोच ठेवा आणि पाणी वजा करत जा. मात्र खऱ्या संचात उष्णता थोडी वाया जाते आणि ब्लीडिंगही असतं, म्हणून "एकाला चार" हे आदर्श गणित आहे, असं उत्तरात एका ओळीत जरूर लिहा.