सांत्वनाला जाताना काय बोलावं

गंगाखेड, 12 ऑक्टोबर 2025

चि. बाळीस,


तुझं पत्र मिळालं. आशा सेविका म्हणून पहिलंच वर्ष आणि त्यातच सप्टेंबरची अतिवृष्टी. गोदाकाठच्या त्या घराबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. सोयाबीन पाण्याखाली गेलेलं, घरधनी ओसरीवर गप्प बसलेले, म्हातारी चुलीपाशी पुटपुटत असलेली आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी दार लावून आत. तू तिघांनाही एकच वाक्य दिलंस, ‘सगळं ठीक होईल’. आणि आता विचारतेस, की म्हण सांगू, संतांचं वचन सांगू, का तुमच्या प्रशिक्षणात शिकवलेली ती ‘मी खंबीर आहे’ छापाची वाक्यं म्हणवून घेऊ?

एका घरात तीन माणसं आहेत आणि तिघांचा प्रसंग वेगळा आहे. आधी म्हातारीकडे बघू, कारण तिथलं काम सोपं आहे.

तिच्या तोंडी ‘दुष्काळात तेरावा महिना’ होतं, असं तू लिहिलंस. बघ, म्हण तिनं स्वतःच काढली. जाणत्या माणसाची ही रीतच आहे. आपल्यावर आलेलं संकट म्हणीत घातलं की ते एकट्याचं राहत नाही, आधीच्या कैक पिढ्यांनी सोसलेल्यांपैकी एक होतं. म्हण दुःखाला लहान करते. तिचा गुण तो आणि दोषही तोच. ज्याला आपलं दुःख लहान झालेलं हवं आहे त्यालाच ती लागू पडते. म्हातारीला हवं होतं. तिथं तू मान डोलवून विचारायचं, ‘आज्जी, याआधी असं पाणी कधी आलं होतं?’ मग ती अर्धा तास बोलली असती.

लाजेच्या जागीही म्हण चांगली चालते. सून-सासूचं वाजलं, पोरगा दहावीत नापास झाला, उधारी फिटली नाही म्हणून दुकानदार चारचौघांत बोलला, अशा वेळी माणसाला वाटतं की जगात आपलंच नाक कापलं गेलं. तिथं ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हटलं की त्याचा खांदा सैल पडतो. पण हीच म्हण नवऱ्याच्या माराचे वळ दाखवणाऱ्या बाईला सांगितलीस, तर तू तिला ‘मुकाट राहा’ असंच सांगितलंस. शब्द तेच, पण तिथं दुःख लहान करायचं नसतं, मोठ्यानं सांगायचं असतं.

आणि काही म्हणी निवाडा देतात. ‘पेरावे तसे उगवते’ ही त्यातली. बियाणं उगवलं नाही म्हणून दुबार पेरणी केलेल्या माणसापुढं ती चुकूनही काढू नकोस. तुझ्या मनात नसेल तरी त्याच्या कानाला दोष ऐकू येतो. वयाचंही भान ठेव. आपल्याकडं म्हण वडीलधाऱ्यानं धाकट्याला सांगायची असते. तू पंचविशीची पोर पन्नाशीच्या माणसाला म्हण ऐकवायला लागलीस तर तो आगाऊपणा ठरतो. अगदीच वाटलं तर ‘तुम्हीच मागं म्हणला होता ना काका’ असं म्हणून त्याचीच म्हण त्याला परत दे.

आता त्या पोरीकडे ये. तिच्यासाठी स्वतःशी बोलायचं वाक्य कामाचं आहे, पण कोणतं वाक्य यावर सगळं आहे. कॅनडातल्या जोॲन वुड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल कमीपणा होता त्यांना ते वाक्य म्हटल्यानं, न म्हटलेल्यांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच ते उलटलं. कारण उघड आहे. तोंड ‘मी खंबीर आहे’ म्हणतं आणि आतून लगेच जाब येतो, ‘कशावरून?’ त्या जाबाला उत्तर नसलं की माणूस आणखी खचतो.

म्हणून पोरीला असं वाक्य शोधायला लाव, की ज्याला आतून ‘कशावरून’ विचारलं तर पुरावा हजर असेल. मुलींच्या भरतीत 800 मीटर पळणं, 100 मीटर आणि गोळाफेक, मिळून 50 गुण असतात. तिची अडचण गोळ्याची आहे म्हणतेस. मग ‘मी पोलीस होणारच’ हे वाक्य तिच्या हातातलं नाही. जागा किती निघतील, गुणांची यादी कुठं थांबेल, हे तिला ठरवता येत नाही. ‘आषाढात मला 800 मीटर मधे थांबून काढावं लागायचं, आता एका दमात काढते’ हे मात्र खरं आहे, तिनं केलेलं आहे आणि कुणी खोडू शकत नाही. त्याला जोडून एक छोटी कृती दे: ‘गोळा हातात आला की आधी श्वास सोडीन, मग पाय रोवीन.’ पण हे तिनं तिच्या बोलीत, तिच्या तोंडानं तयार करू दे. तू लिहून दिलेलं वाक्य तुझं होतं, तिचं होत नाही. प्रशिक्षणात मिळालेली ती रंगीत कार्डं पिशवीतच ठेव.

हे स्वतःशी बोलणं बाहेरून आलं असं समजू नकोस. आपल्या बायका जात्यावर हेच करत होत्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही आहेत. त्या ओव्यांमध्ये बाई आधी आपलं दुखणं नावानिशी सांगते, रडगाणं म्हणायला लाजत नाही; धीर आला तर नंतर येतो, आणि नाहीच आला तरी दळण संपतं. कार्डावरची वाक्यं ही पहिली पायरीच गाळतात. तुझ्या पोरीनंही ‘मला भीती वाटते’ हे आधी म्हटलेलं चालेल.

राहिले घरधनी. त्यांच्याबद्दल तुला वाटलं की एखादा अभंग सांगावा, कारण घरात वीणा टांगलेली दिसली. विचार बरा आहे, पण तीन गोष्टी बघ. पहिली, ते अभंग स्वतः म्हणतात का? वचनाचं बळ ओळीत नसतं, ते ज्यानं म्हटलं त्याच्याशी ऐकणाऱ्याचं नातं असेल तर येतं. वारकऱ्याच्या घरी तुला पूर्ण चरण म्हणावाच लागत नाही. नुसतं ‘काका, जनाबाईंचं कोणतं म्हणता तुम्ही?’ विचारलंस तर पुढचं तेच म्हणतील. तसं नातं नसेल तर संतवचन सरकारी भिंतीवरच्या घोषणेसारखं होतं.

दुसरी, कोणाचं वचन? आपल्या लोकांना सांत्वन म्हटलं की निमूट सोसायला सांगणारेच अभंग आठवतात. जे होऊन गेलं, उत्तरकार्यही झालं, आता फक्त स्वीकारणंच उरलं, तिथं ते योग्य आहेत. पण ज्याचं संकट अजून चालू आहे, पंचनामा व्हायचा आहे, बँकेचा माणूस येऊन गेला आहे, त्याला सोसण्याचा उपदेश म्हणजे प्रयत्नावर पाणी. इथं आपली जनी जवळची. ती आपल्या गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत दळण आहे, शेणी आहेत आणि विठ्ठलाला सुनावलेले खरमरीत बोलही आहेत. देवावर रागावलेल्या माणसाला जनीचं नाव काढलं की कळतं, रागावणं म्हणजे भक्ती सोडणं नव्हे. त्या ओसरीवरच्या माणसाला कदाचित तेवढंच ऐकायचं असेल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती कळल्याशिवाय वरचं काहीही करू नकोस. तू लिहिलंस की ते दोन रात्री झोपले नाहीत, आणि ‘माझ्यामागं यांचं भलं होईल’ असं काहीतरी म्हणाले. बाळे, या वाक्यानंतर म्हणही नको, अभंगही नको, ‘मी खंबीर आहे’ही नको. तिथं एकच प्रश्न, सरळ आणि हळू आवाजात: ‘काका, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं डोक्यात विचार शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्यानं माणूस बहुधा मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडायचं नाही. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी शेजारच्या घरी कुलपात गेलं पाहिजे. आपल्याकडं अनेकदा घात त्यानं होतो. 14416 हा टेलीमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तू समोर बसून लावून दे. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांग आणि परभणीच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायची सोय कर. गाडीत सोबत कोण बसणार तेही आधीच ठरव.

आपलं बोलणं लागलं की चुकलं, हे कसं ओळखायचं असं तू विचारलंस. ‘हो ना, खरं आहे’ म्हणून माणूस नजर वळवतो आणि पुढं काहीच बोलत नाही, तर चुकलं. त्यानं तुला सभ्यपणे वाटेला लावलं. लागलं असेल तर त्याचं पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा लांब येतं. कधी तो तुझ्यावर खेकसतो, तेही चालेल. आणि दहापैकी सात वेळा काहीच म्हणायची गरज नसते. मी नोकरीत असताना एका गावी पूर ओसरल्यावर घरोघर फिरले, तेव्हा लोकांना माझे शब्द आठवत नसत, मी कुणाचा सातबारा शोधून दिला ते आठवे.

म्हणून उद्याच त्या घरी परत जा. दिवाळी आठवड्यावर आलीय, अशा दिवसांत रिकाम्या घराचं ओझं जास्त वाटतं. जाताना ई-पीक पाहणीची नोंद झाली का ते मोबाईलवर बघ, नुकसानीच्या यादीत नाव आहे का ते तलाठ्याला विचार आणि मग ओसरीवर बस. बसल्यावर आधी काकांना तो जिवाचा प्रश्न विचार. उत्तर काय आलं ते रात्री मला फोन करून सांग, कितीही वाजले तरी.

तुझी,
आत्या