सही कोणाची, देणे कोणाचे

सट्ट्याचे छुपे कर्ज घरात उघडकीस आले म्हणजे ज्याचा तगादा सर्वांत कर्कश, त्याचे देणे आधी भागवावे अशी मनाची स्वाभाविक धाव असते. परंतु माझ्या यजमानांनी क्रिकेटच्या सट्ट्यापायी करून ठेवलेली देणी निस्तरताना मला असे दिसून आले की, या व्यवहारात आवाज आणि हक्क यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते. दारात येऊन बसणाऱ्या बुकीच्या माणसाला न्यायालयात उभे राहण्यास फारशी जागा नसते; उलट दरमहा पाच तारखेला मुकाट्याने वळता होणारा गृहकर्जाचा हप्ता एकदा चुकला की, त्याची नोंद पती आणि पत्नी या दोघांच्याही पतअहवालात होते, आणि पुढे कित्येक वर्षे ती तेथून हलत नाही.

आपल्याकडील कायद्याप्रमाणे पतीचे कर्ज केवळ विवाहाच्या नात्याने पत्नीवर येत नाही. ते येते सहीने: सहकर्जदार म्हणून, जामीन म्हणून किंवा मुख्य कार्डधारक म्हणून आपण कोठे सही केली असेल तर. म्हणून पहिले काम पैसे फेडण्याचे नव्हे, तर सह्यांचा शोध घेण्याचे. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत – सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क – आणि त्यांतील प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपणांस अधिकार आहे. चारही मागवावेत, कारण एखादे किरकोळ कर्ज एकीच्या दप्तरात उशिरा उमटते, तर दुसरीच्या दप्तरात आधीच दिसते. पतीचा अहवाल आपल्याला परस्पर मिळत नाही. त्यांच्याच मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने, त्यांच्या संमतीने आणि शक्य तर शेजारी बसून तो काढावा लागतो. अहवालात कर्जांच्या यादीपेक्षाही चौकशांची यादी अधिक बोलकी असते: थोड्याच आठवड्यांत अनेक सावकारी संस्थांनी अहवाल तपासल्याचे दिसले, तर मनुष्य एका कर्जाच्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज शोधत होता, असे निःशंक समजावे. आमच्या बँकेच्या उताऱ्यातही सामन्यांच्या संध्याकाळी दोन-दोन, पाच-पाच हजारांच्या रकमा दरवेळी निराळ्याच अनोळखी व्यक्तींच्या नावे गेलेल्या होत्या. सट्ट्याचा पैसा असाच उसन्या खात्यांतून फिरतो. उसनवारी आणि बुकीची उधारी मात्र कोणत्याच दप्तरात नसते. ती तोंडीच विचारावी लागते, आणि एकदा विचारून भागत नाही. भीतीने व लाजेने सांगितलेली पहिली यादी सहसा अपुरी असते, तेव्हा काही दिवसांनी ती पुन्हा विचारावी.

आमच्या शोधातून जे हाती आले त्याची मी कागदावर तीन रकान्यांत फर्द केली. दोघांच्या सहीचे म्हणजे गृहकर्ज, त्याचा हप्ता 24,300 रुपये. केवळ त्यांच्या सहीचे म्हणजे एका बँकेचे चार लाखांचे वैयक्तिक कर्ज, मोबाईलवरील ॲपांची काही लहान कर्जे आणि बुकीकडील दोन लाख चाळीस हजार, ज्यापोटी त्यांनी आमच्या संयुक्त खात्याचे तीन कोरे धनादेश सही करून दिलेले होते. तिसरा रकाना केवळ माझा, आणि तोच मला सर्वांत अनपेक्षित होता. त्यात माझ्या क्रेडिट कार्डावर त्यांना दिलेल्या पूरक कार्डाची 62,000 रुपयांची थकबाकी होती. पूरक कार्डावरील खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाचीच असते. शिवाय माझा मोबाईल त्यांच्या हाती असताना त्यावर आलेल्या ओटीपीच्या आधारे माझ्याच नावे उचललेले 38,000 रुपयांचे एक कर्जही होते.

या शेवटच्या कर्जाने मला खरा पेच घातला. ते मी घेतलेले नाही अशी तक्रार पतमाहिती कंपनीकडे करता आली असती. अशा तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागावा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. परंतु तेवढ्याने कर्ज पुसले जात नाही. कर्ज देणारी संस्था बहुधा पोलीस फिर्यादीची प्रत मागते, आणि ती फिर्याद म्हणजे पतीवर फसवणुकीचा आरोप. जिला विभक्त व्हायचे आहे, किंवा जिच्या नावावर अशी मोठी रक्कम उचललेली आहे, तिने ती फिर्याद अवश्य करावी. मी ते कर्ज फेडले. मात्र तडजोडीने कमी रक्कम घेऊन संस्थेने ते मिटवले, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढच्या प्रत्येक सावकाराच्या नजरेत तो खुपतो. म्हणून पूर्ण रक्कम भरून ‘थकबाकी नाही’ असा दाखला घेतला आणि अहवालात ‘क्लोज्ड’ लागल्याची खात्री करून घेतली. त्याआधीच पूरक कार्ड रद्द केले होते आणि मोबाईलचा संकेतांक बदलला होता. ही दोन कामे आधी आणि पैसे नंतर, कारण भोक बुजवण्यापूर्वी हौद भरण्यात अर्थ नाही.

त्यानंतर संयुक्त खाते. आपली बहुतेक खाती ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या रीतीने चालतात. म्हणजे एकटा खातेदार सर्व रक्कम काढू शकतो. ही रीत मोडण्यास एका खातेदाराचा लेखी अर्ज सहसा पुरतो, परंतु खाते बंद करण्यास दोघांच्या सह्या लागतात. येथे शब्दांची काळजी घ्यावी. ‘वाद आहे, व्यवहार थांबवा’ असे लिहिले तर बँक सारेच व्यवहार रोखू शकते, आणि त्यात गृहकर्जाचा हप्ताही परत जातो. मी लिहिले की, ‘यापुढे दोघांच्या सह्यांनीच रक्कम काढता यावी, दोघांची एटीएम कार्डे, यूपीआय आणि नेट बँकिंगचे व्यवहार बंद करावेत, गृहकर्जाच्या हप्त्याचा आदेश मात्र चालू ठेवावा.’ अर्जाची पोच शिक्क्यानिशी घेतली. तरीही पगार नव्या खात्यात वळवल्यावर तेथून हप्त्याचा आदेश नोंदला जाण्यास बराच अवधी लागतो, त्यामुळे मध्यंतरीचा एक हप्ता मी कर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन थेट कर्जखात्यात भरला.

माझा पगार ज्या नव्या खात्यात वळवला, ते एकटीच्या नावाचे तर होतेच, शिवाय मुद्दाम निराळ्या बँकेतले होते. ज्या बँकेचे पतीवर कर्ज थकले आहे, तीच बँक त्यांच्या नावावरील ठेवींवर हक्क सांगते, आणि मग संयुक्त ठेवीतला कोणता पैसा कोणाचा हा वाद आपण घालत बसतो. मुदत ठेवी, त्यांवरील कर्जाची सोय, डिमॅट खाते आणि लॉकर यांचीही याच वेळी रुजवात घालावी. माझ्या दोन पाटल्या गहाण पडलेल्या निघाल्या. स्त्रीधन हे सर्वस्वी पत्नीचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पण सोनेतारण कर्जाची पावती हाती असल्याखेरीज त्या निकालाचा सराफी पेढीपुढे उपयोग होत नाही, तेव्हा पावती आधी ताब्यात घ्यावी.

आता बुकी. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. महाराष्ट्रात त्याच्याही पुढे 1865 चा मुंबई इलाख्याचा कायदा आहे, ज्यामुळे पैजेला साहाय्य म्हणून जाणूनबुजून केलेले करार आणि त्यापोटी घेतलेले तारण वा जामीनकी हीसुद्धा निरर्थक होतात. एवढे ऐकून निश्चिंत होऊ नये, कारण बुकी पैजेवर दावा लावतच नाही. तो कोऱ्या धनादेशावर रक्कम लिहितो आणि तो न वटताच परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली नोटीस पाठवतो. अशा प्रकरणात धनादेश कायदेशीर देण्यापोटी दिला असे न्यायालय प्रथमतः गृहीत धरते आणि तो सट्ट्यापोटी होता हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. नोटीस पोहोचल्यापासून पैसे भरण्यास 15 दिवस मिळतात; त्या मुदतीत वकिलामार्फत लेखी उत्तर जावे, आणि म्हणून रजिस्टर पत्र परत पाठवण्याची आपली सर्वपरिचित सवय येथे घातक ठरते. संयुक्त खात्याचा धनादेश असला तरी ज्याने सही केली नाही, त्या खातेदारावर या कलमाखाली खटला चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निर्णय आहे. तो माझ्या वकिलांनी दाखवला, तेव्हा कोठे मला झोप आली.

खाजगी सावकाराचे देणे असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे काय हे सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे विचारावे. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. बँकेच्या व ॲपच्या वसुली अधिकाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, नातेवाइकांना वेठीस धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले आहे. तक्रार आधी संस्थेकडे लेखी करावी; 30 दिवसांत दाद न लागल्यास लोकपालाकडे जाता येते. ऑनलाईन पैशांच्या खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला खरा, परंतु त्यासाठी आधी काढलेले बँकेचे कर्ज त्याने माफ होत नाही.

हे सारे करीत असताना घरातील मनुष्याकडेही पाहिले पाहिजे. कर्ज उघडे पडल्यानंतरचे दिवस जुगाऱ्याच्या जिवाला सर्वांत धोक्याचे असतात. मी खाती तोडली, पण त्यांना एकटे सोडले नाही, आणि 14416 हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक दूरध्वनीशेजारी लिहून ठेवला. तो एका रात्री उपयोगीही पडला.

नातेवाईक मंडळी याच सुमारास उपाय घेऊन येतात. माझे धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, घरावर दहा लाखांचा टॉप-अप घ्या, सगळ्यांचे एकदम मिटवून टाका, हप्ताही कमीच बसेल.” व्याजाच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु टॉप-अपला सहकर्जदाराची सही लागते; म्हणजे आजवर केवळ पतीच्या नावे असलेली, घरावर कसलेही तारण नसलेली देणी त्या एका सहीने माझी झाली असती आणि घरही त्यांच्यासाठी गहाण पडले असते. जामीन राहिले तरी तेच, कारण करार अधिनियमाच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आणि सट्टेबाजाच्या हाती सर्व खाती एकदम निल झाली की, त्याची उधारीची पतही पुन्हा ताजी होते, ही गोष्ट दीरांच्या हिशेबात नव्हती. मी सही केली नाही. यजमानांनी स्वतःच्या बँकेकडे अर्ज करून वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवून घेतली, हप्ता 13,600 वरून 9,200 वर आला, आणि तो त्यांच्याच पगारातून, त्यांच्याच नावे, अजून चालू आहे.